रापणीचे दोन टन किती वेळा मोजायचे?

मालवण किनाऱ्यावरच्या मच्छीमार कुटुंबांच्या सर्वेक्षणाची एक्सेल फाइल माझ्याकडे आली, ती तयार सरासरीसकटच. घरटी आठवड्याला 557 किलो मासळी! एवढी मासळी लहान होडीवाल्यांच्या घरात येत असती तर किनाऱ्यावर कुणी कर्जात दिसलंच नसतं. घरं 40. रकान्यातला सर्वांत मोठा आकडा शोधला:

```
=MAX(F2:F41)
```

उत्तर आलं 9999. ‘माहीत नाही’साठी फॉर्ममध्ये ठेवलेला तो संकेतांक होता आणि दोन घरांपुढे तो पडला होता. ते दोन कप्पे रिकामे करताच उरलेल्या 38 घरांची सरासरी 60 किलोवर आली. अशा जागी शून्य मात्र भरू नका. शून्य म्हणजे मासळी मिळाली नाही, रिकामा कप्पा म्हणजे उत्तर मिळालं नाही.

9999 लगेच डोळ्यांत भरतो. ‘वर्षात 320 दिवस मासेमारी’ हे उत्तर तसं भरत नाही. राज्यात 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस बंदी असते, म्हणजे उरतात 304. पण ही बंदी यांत्रिक नौकांना आहे, बिगरयांत्रिक होड्यांना नाही. म्हणून दिवसांचा रकाना होडीच्या प्रकाराशी ताडून पाहावा लागतो. इंजिन असलेल्या घराचं 320 पुन्हा विचारायला हवं. वल्ह्याच्या होडीचं तेच उत्तर चुकीचं ठरवता येत नाही.

खरी गफलत होती ‘एका दिवसात मिळालेली सर्वांत जास्त मासळी’ या रकान्यात. बाकीच्यांच्या शेकड्यांमध्ये नऊ घरांचे आकडे 2,000 किलोचे. असे आकडे टोकाचे म्हणून वगळण्याची अनेकांना सवय असते. ओळी गाव आणि तारखेनुसार लावल्या, तर नऊही घरं एकाच वाडीतली आणि तारीखही एकच. फोन केला तेव्हा पलीकडून उत्तर आलं, “आमका त्या दिसा दोन टन बांगडो गावलो.”

त्या ‘आमका’त अख्खी रापण होती. रापण अनेक घरं मिळून ओढतात आणि मासळीचे वाटे होतात. आकडा खरा होता, फक्त तो एका घराचा नव्हता. तसाच ठेवला असता तर दोन टनांचे अठरा टन झाले असते, आणि वगळला असता तर हंगामातला सर्वांत मोठा दिवसच फाइलीतून गेला असता. आम्ही प्रत्येक घराचा वाटा विचारून तो भरला आणि रापणीची एकूण मासळी वेगळ्या रकान्यात एकदाच लिहिली.

हो-नाहीच्या उत्तरांचा तक्ता मात्र प्रगणकागणिक वेगळा काढा. आमच्याकडे एकाने ‘नाही’साठी 0 लिहिला होता, दुसऱ्याने 2. एकत्र तक्त्यात तीन प्रकारची उत्तरं दिसत होती आणि तिसरं कुठून आलं ते कळत नव्हतं.

मूळ फाइलीला हात लावू नका. दुरुस्त्या प्रतीत करा आणि शेजारच्या पानावर जुना आकडा, नवा आकडा, कारण आणि कुणाला विचारलं ते लिहून ठेवा. पुढच्या फेरीच्या फॉर्ममध्ये ‘ही मासळी तुमच्या वाट्याची की सगळ्या रापणीची?’ हा प्रश्न अवश्य घाला.