वकिलांशी फोन झाला, आता वहीत काय लिहायचं?



मागच्या अंकात आपण वारस नोंदीचा अर्ज कसा करायचा ते पाहिलं. या वेळी त्याच्या पुढचा धडा आहे. नोंद चुकली, वकिलांशी फोनवर बोलणं झालं, आणि फोन ठेवल्यावर सगळ्यांना वाटलं, "बरं झालं, सगळं सांगितलं." पण चार दिवसांनी वकिलांनी विचारलं, "सही कधी घेतली होती?" आणि कुणालाच तारीख सांगता आली नाही. हे माझ्याच हातून झालंय. म्हणून एक खरा प्रसंग घेऊन सांगते. ताईचं नाव आणि गाव देत नाही, तारखाही बदलल्यात.

ताई आपल्या गटातली. नवरा वारला, मग सासरे वारले. जमीन सासऱ्यांच्या नावावर होती. आता सातबाऱ्यावर फक्त दीर आणि सासूबाईंचं नाव आहे. ताईचं आणि तिच्या दोन मुलांचं नाव कुठेच नाही. तालुका विधी सेवा समितीकडून तिला मोफत वकील मिळाले. बाईला या मदतीसाठी उत्पन्नाची अट नसते, हे लक्षात ठेवा. माहितीसाठी १५१०० हा हेल्पलाइन नंबर आहे.

फोन पंचवीस मिनिटं चालला. मी शेजारी बसून लिहीत होते. आपण बैठकीचं इतिवृत्त लिहितो ना, तसंच मी लिहिलं: जे आधी बोललं गेलं ते आधी, जे नंतर ते नंतर. चार पानं भरली. तिथेच चूक झाली. माणूस दुःख सांगताना आजच्या भांडणापासून सुरुवात करतो, मग लग्नात जातो, मग परत सहीवर येतो. वकिलांना मात्र गोष्टी घडल्या त्या क्रमाने हव्या असतात. बोलण्याचा क्रम वेगळा, घडण्याचा क्रम वेगळा.

म्हणून त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, वहीचे तीन भाग करा: घडलेलं, वकिलांनी सांगितलेलं आणि अजून न कळलेलं. एकाचं दुसऱ्यात मिसळू द्यायचं नाही.

पहिला भाग: काय घडलं, कधी, आणि कशावरून

प्रत्येक ओळीत तीनच गोष्टी. तारीख, घटना, आणि ते आपल्याला कशावरून माहीत आहे. ताईच्या वहीत शेवटी हे उतरलं:

९ मे २०२१: नवऱ्याचं निधन. मृत्यू दाखला आहे.

३ फेब्रुवारी २०२३: सासऱ्यांचं निधन. ताई घरात होती. दाखला दिराकडे आहे, आपण पाहिलेला नाही.

सप्टेंबर २०२३, पोळ्याच्या आदल्या दिवशी: दिराने घरी एका कागदावर ताईची सही घेतली. कागद वाचून दाखवला नाही. ताईने स्वतः सांगितलं.

२१ नोव्हेंबर २०२३: दीर आणि सासूबाईंच्या नावाचा फेरफार मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित केला. फेरफाराची नक्कल आहे.

१८ फेब्रुवारी २०२५: शेतकरी ओळख क्रमांकासाठी ताई सेवा केंद्रात गेली. तिथे सातबाऱ्यावर नाव नसल्याचं दिसलं. ताई आणि सोबतच्या सीआरपी ताईने पाहिलं.

४ मार्च २०२५: फेरफाराची नक्कल हातात आली. पावती आहे.

१२ मार्च २०२५: वकिलांशी फोन.

फोनवर ताईने सहीची तारीख सांगितलीच नव्हती. "पोळा होता, पुरणाची तयारी चालली होती," एवढंच म्हणाली. आपल्या आठवणी अशाच सणावाराच्या असतात, आणि त्यात काही चूक नाही. जुनी कालदर्शिका काढली. २०२३ ला अधिक श्रावण होता, त्यामुळे पोळा उशिरा, १४ सप्टेंबरला आला होता. म्हणजे सही १३ सप्टेंबरच्या सुमाराची. वहीत मात्र सरळ "१३ सप्टेंबर" असं लिहायचं नाही. "पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे अंदाजे १३ सप्टेंबर" असं लिहायचं. खात्रीची तारीख आणि हिशोबाने काढलेली तारीख वेगळी दिसली पाहिजे.

आता घटनेचे शब्द बघा. मी आधी लिहिलं होतं, "दिराने फसवून सही घेतली." फसवून, हा आपला निष्कर्ष. घडलं ते एवढंच, की घरी सही घेतली आणि कागद वाचून दाखवला नाही. असं लिहिलं की फसवणूक झाली की नाही हे वकिलांना स्वतः तपासता येतं. आपण आधीच निकाल लिहून टाकला तर ते नेमकं काय घडलं हे पुन्हा विचारत बसतात.

आणि एक गोष्ट, जी सगळ्यात जास्त जपायची. फोनवर ताई एकदा म्हणाली, "मला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं." दुसऱ्यांदा म्हणाली, "सेवा केंद्रात गेले तेव्हा कळलं." दोन्ही कसं खरं? मी तिच्या घरी जाऊन शांतपणे विचारलं. तेव्हा उलगडलं. २०२३ च्या दिवाळीत भांडण झालं तेव्हा दीर म्हणाला होता, "तुझं नाव लागणार नाही." ती धमकी होती. नोंद झाली की नाही हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. नाव नाही हे दिसलं १८ फेब्रुवारी २०२५ ला.

मला मोह झाला, दिवाळीची गोष्ट सोडून द्यावी, केसला बरं पडेल. तायांनो, तसं करू नका. पहिल्या भागात दिवाळीचीही ओळ घातली: काय बोललं गेलं, कुणासमोर. दिराचा वकील ती गोष्ट कधी ना कधी काढणारच. तेव्हा आपल्या वकिलांना ती पहिल्यांदा ऐकायला लागली तर ताईच्या बाकीच्या तारखांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

दुसरा भाग: वकिलांनी काय सांगितलं

इथे फक्त वकिलांचं म्हणणं, त्यांच्या नावाने. ताईच्या वहीत चार गोष्टी आल्या.

एक, नवरा सासऱ्यांच्या आधी वारला असला तरी ताई आणि तिची मुलं सासऱ्यांची वारस ठरतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात आधी वारलेल्या मुलाची विधवा आणि मुलं पहिल्या वर्गातले वारस आहेत. म्हणून दोन मृत्यूंपैकी कुठला आधी हे वकिलांनी पहिल्यांदा विचारलं होतं.

दोन, प्रमाणित फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करायचं, मुदत ६० दिवस. मुदत उलटली असेल तर उशीर का झाला ते सांगून विलंब माफीचा अर्ज सोबत लावायचा.

तीन, फेरफार म्हणजे मालकीचा शेवटचा निकाल नव्हे. हिश्श्याचा वाद दिवाणी न्यायालयात ठरतो.

चार, सही केलेला कागद हक्कसोडपत्र असेल तर त्याची दुय्यम निबंधकांकडे नोंदणी झालेली लागते. घरी घेतलेली सही तेवढ्यावर पुरत नाही.

बघा, ६० दिवस कधीपासून मोजायचे यावर सगळं अडतं. फेरफाराच्या तारखेपासून मोजले तर मुदत २० जानेवारी २०२४ ला संपलेली. १८ फेब्रुवारीपासून मोजले तर १९ एप्रिल २०२५. नक्कल मिळाल्यापासून मोजले तर ३ मे. कुठली तारीख धरायची हे वकील ठरवतील, आपण नाही. आपण मात्र धावायचं ते शिल्लक राहिलेल्यातली आधीची तारीख डोळ्यासमोर ठेवून. ताईच्या वहीत १९ एप्रिल लाल पेनाने लिहिली.

तिसरा भाग: अजून काय कळलं नाही

प्रश्न नुसते लिहून ठेवले तर ते तसेच पडून राहतात. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर कुठे मिळेल, कोण आणणार आणि कधीपर्यंत, हे लिहा. ताईचे प्रश्न असे होते:

सही केलेला कागद कोणता? ताई कधी दुय्यम निबंधक कार्यालयात गेली होती का, तिथे फोटो आणि अंगठा घेतला होता का? हे ताईलाच विचारायचं, आजच. (उत्तर: गेली नव्हती.)

फेरफाराआधी ताईच्या नावाने नोटीस निघाली होती का, तिच्यावर कुणाची सही आहे? तलाठी कार्यालयातून त्या फेरफाराच्या कागदपत्रांची नक्कल मागायची. मी, २० मार्चपर्यंत.

सासऱ्यांना जमीन कुठून आली, वडिलांकडून की स्वतः विकत घेतलेली? ताईचा हिस्सा किती हे यावर ठरतं. जुने फेरफार काढायचे. सीआरपी ताई, २५ मार्चपर्यंत.

दिराने जमीन विकायला काढली आहे का? हे शेजारणीने सांगितलं, तिनेही दुसरीकडून ऐकलेलं. म्हणून ते पहिल्या भागात नाही, इथे आहे. दुय्यम निबंधकांकडे सूची क्रमांक दोन पाहायची, आणि सातबाऱ्यावर नवा फेरफार प्रलंबित दिसतो का तेही. मी, २० मार्चपर्यंत. खरं निघालं तर त्याच दिवशी वकिलांना फोन, कारण विक्री थांबवण्यासाठी वेगळा अर्ज लागतो.

अपिलाची मुदत कुठल्या तारखेपासून? वकिलांना विचारायचं, कागद पाठवतानाच.

लिहून झाल्यावर सगळं ताईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने दोन दुरुस्त्या सांगितल्या. मग दीड पानाचा कागद वकिलांना पाठवला, वरती एक ओळ लिहून: "फोनवरून आम्हाला एवढं समजलं, चुकलं असेल तर सांगा." वकिलांनी उलट एकच प्रश्न विचारला. चार पानं पाठवली होती तेव्हा अकरा विचारले होते.

ही वही गटाच्या बैठकीत वाचायची नाही, ग्रुपवर फोटो टाकायचा नाही. ती ताईची आहे, ताईकडेच राहील. वकिलांचा फोन रेकॉर्ड करायचा असेल तर आधी त्यांना विचारा.

अपील विलंब माफीच्या अर्जासह ८ एप्रिलला दाखल झालं. निकाल यायचा आहे. पुढची तारीख वहीत नव्या ओळीत लिहिली आहे.