अर्धवट ओळखीच्या कालव्याचं गेट

प्रश्न : आमच्या पुस्तकात आधी प्रणालीचं गणिती रूप मांडतात, मग नियंत्रक बसवतात. ते रूपच नीट ठाऊक नसेल तर नियंत्रक चालेल याची हमी कशी द्यायची? — एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : नांदेडच्या हदगाव-अर्धापूर भागाला पाणी देणारा ईसापूर धरणाचा कालवा डोळ्यांसमोर आणा. समजा त्याच्या एका टप्प्यावर आपण स्वयंचलित गेट बसवलं. पुढचे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. वरचं गेट उघडल्यावर खालच्या टोकाची पातळी हलायला आपल्या हिशेबाने २० मिनिटं लागतात. पण गाळ, गवत आणि पाण्याची खोली पाहता खरा वेळ १० ते ३० मिनिटांत कुठेही असू शकतो.

इथे हिशेबाची चूक सगळीकडे सारखी नसते, आणि सगळी गंमत त्यातच आहे. पातळी सहा तासांच्या लयीत हळूहळू वरखाली होत असेल तर १० मिनिटांची चूक सुमारे १७ टक्क्यांची. तासाभराच्या लयीत तीच १०० टक्के होते. वीस मिनिटांच्या लयीत ती २०० टक्क्यांवर जाते : हिशेब पाणी चढतंय म्हणतो, तेव्हा कालव्यात ते उतरत असतं.

हेच G = G₀(1 + WΔ) असं लिहितात. G₀ आपला हिशेब, G खरा कालवा; W प्रत्येक लयीतली जास्तीत जास्त चूक सांगतो; Δ नेमका कसा ते माहीत नाही, फक्त तो स्थिर आहे आणि कुठल्याही लयीत त्याची मात्रा १ च्या वर जात नाही. ही गुणाकारी अनिश्चितता.

आता जॉर्ज झेम्स यांनी १९६६ मध्ये मांडलेलं लघु-लाभ प्रमेय. फेऱ्यात शिरलेली गडबड पूर्ण फेरी मारून आधीपेक्षा लहान होऊनच परतत असेल, तर ती विरत जाते. Δ ला उरलेला फेरा WT एवढा दिसतो, म्हणून अट |WT| < 1. हव्या असलेल्या पातळीतला चढउतार खऱ्या पातळीत किती पटीने उतरतो, ते T. म्हणजे तासाच्या लयीत T एकाच्या खाली हवा, वीस मिनिटांच्या लयीत अर्ध्याच्या खाली. ज्या वेगात कालव्याची ओळख नाही, त्या वेगात गेटने पातळीच्या मागे धावू नये.

पातळी जितकी कमी, त्याच्या दर मिनिटाला ६ टक्के भरून निघतील इतकं पाणी सोड, असा नियम गेटला दिला तर २० मिनिटांच्या हिशेबात तो स्थिर दिसतो. खरा विलंब ३० मिनिटांचा निघाला की पातळीचे हेलकावे प्रत्येक फेरीत वाढत जातात. दोन तासांच्या लयीत चूक ५२ टक्के आणि T जवळपास २, म्हणजे गुणाकार एकाच्या वर; कसोटी धोका आधीच सांगते. अडीच टक्क्यांचा नियम मात्र सगळ्या लयींत पास होतो.

कसोटी सावध आहे, जरा जास्तच. पाच टक्क्यांचा नियम ती नापास करते, पण ३० मिनिटांच्या विलंबातही तो कसाबसा टिकतो. कारण ती चुकीची फक्त मात्रा मोजते, कला पाहत नाही. विलंबातून येऊच न शकणाऱ्या चुकाही ती धरून चालते. शिवाय गेट पूर्ण उघडून अडकलं, तर G₀ चं रेषीय गणित तिथेच संपतं. त्याचा विचार या अटीत नाही, तो वेगळा करावा लागतो.