कोट मारायच्या दिवशी घरी राहा

भाचीबाई, साहेबांना पाठवायच्या आधी मेसेज मला दाखवलास ते बरं केलंस. ‘घरी बाथरूमचं काम काढलंय, पुढचे दोन आठवडे वर्क फ्रॉम होम मिळेल का?’ एकतीस वर्षं पर्सोनेलमध्ये काढली मी. आमच्या वेळी घरून काम नव्हतं, पण हाफ सीएल आणि ‘लवकर जाण्याची परवानगी’ होती, आणि त्यांचे अर्ज माझ्या टेबलावरून जायचे. मोघम अर्ज आला की साहेब नकार देऊन मोकळा होतो, कारण त्या दोन आठवड्यांत कुठे काय अडेल हे त्यालाच शोधून काढावं लागतं. आणि कायद्यावर बोट ठेवावं असंही इथे काही नाही. घरून कामाचा उल्लेख प्रसूती कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीत आला, तोही रजा संपल्यानंतरच्या काळासाठी आणि दोघांच्या संमतीने. बाथरूमच्या टाइल्ससाठी कुणी तुला काही देणं लागत नाही. तेव्हा मागणी नीट बांधायची.

आधी मिस्त्रीबरोबर बस आणि त्याच्याकडून दिवसवार काम लिहून घे. तू सांगितलंस त्यावरून तुझं काम असं दिसतं: सोमवारी-मंगळवारी जुन्या टाइल्स फोडणं, राबिट उतरवणं, नहाणीचा ट्रॅप आणि पाइप बदलणं. बुधवारी वॉटरप्रूफिंगचा पहिला कोट, गुरुवारी दुसरा. शुक्रवारी वाळवणं, आणि संध्याकाळी पाणी भरून ठेवणं. ते पाणी उतरलं नाही तर पुढच्या आठवड्यात उतार देऊन टाइल्स.

आता गंमत बघ. तुला वाटतं, फोडाफोडीच्या दिवशी आपण घरात हवंच. पण त्या दोन दिवसांत घरातून काम होत नाही गं. ब्रेकर सुरू झाला की शेजारच्या खोलीतसुद्धा फोनवरचं ऐकू येत नाही, लॅपटॉपच्या कळांत सिमेंटची पूड जाते, आणि मशीनचा लोड येऊन एमसीबी पडला की वायफाय गेलं. मीटिंगमध्ये दोनदा अशी गायब झालीस की पुढच्या वेळी मागायला तोंड राहणार नाही. सोमवारी अर्धा दिवस सरळ रजा टाक. मिस्त्रीला काय फोडायचं, काय नाही ते दाखव, मेन व्हॉल्व्ह बंद करून दे, सोसायटीच्या परवानगीचं पत्र वॉचमनकडे ठेव आणि दुपारी ऑफिस गाठ. मंगळवारी मी येऊन बसतो पेपर घेऊन. राबिटाची पोती मोजायला इंजिनिअर लागत नाही.

घरून काम मागायचं ते बुधवार-गुरुवारचं. कोट ब्रशने मारतात, आवाज नाही, धूळ नाही. तू बाहेर बसून निवांत काम करशील. आणि नेमकं याच दिवशी घरच्या माणसाने असायला हवं. माझीच गोष्ट सांगतो. आमच्या जुन्या फ्लॅटचं बाथरूम केलं तेव्हा फोडाफोडीला मी दोन दिवस रजा घेऊन खुर्ची टाकून बसलो, आणि कोटाच्या दिवशी ‘आता काय बघायचंय’ म्हणून ऑफिसला गेलो. संध्याकाळी सगळं राखाडी, गुळगुळीत, छान दिसलं. एकच कोट मारला होता त्या पठ्ठ्याने, आणि भिंतीवर जेमतेम चार बोटं चढवला होता. पुढच्या पावसाळ्यात खालच्यांच्या सिलिंगला पोपडे धरले आणि माझं बाथरूम पुन्हा फुटलं. वर टाइल बसली की आत किती कोट आहेत ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

म्हणून दोन्ही दिवशी जेवणाच्या सुट्टीत आत डोकावायचं. पहिला कोट आडवा असेल तर दुसरा उभा मारायला सांग, म्हणजे ब्रशच्या रेघांवरूनच कळतं. भिंतीवर फूटभर तरी चढला पाहिजे, शॉवरच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत. नहाणीच्या तोंडाभोवती आणि जिथे पाइप भिंतीतून बाहेर येतात तिथे बोट फिरवून बघ. गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. आणि मालाचे रिकामे डबे फेकायचे नाहीत, असं सकाळीच बजावून ठेव.

शुक्रवारी ऑफिसला जा, पण सहापर्यंत घरी ये. नहाणीला बोळा घट्ट बसवून दोन-तीन इंच पाणी भरायचं आणि भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायची. मिस्त्री म्हणेल, ताई, २४ तास पुष्कळ झाले. ऐकायचं नाही, निदान ४८ ठेवायचं. तुझं शनिवार-रविवारात बसतंय, सोमवारी सकाळी आठला बासष्ट तास होतील, आणि त्यासाठी साहेबाकडे एक तासही मागावा लागणार नाही. काम सोमवारी सुरू करायचा हट्ट मी धरला तो यासाठीच.

दुसऱ्या आठवड्यात एकच दिवस माग, उतार देतात तो मंगळवार. चार फुटांत अर्धा इंच तरी उतार नहाणीकडे हवा. मिस्त्री जायच्या आत मगभर पाणी ओतून बघायचं, कोपऱ्यात थबकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यायचं. टाइल्स कापताना पुन्हा कटरची किरकिर असते, ते दोन दिवस ऑफिसातच बरे.

म्हणजे तुझे दोन आठवडे आले तीन दिवसांवर आणि अर्ध्या रजेवर. आता साहेबाला आधी तोंडी सांग, मग लिही. तुम्ही इंग्रजीत लिहाल, पण मजकूर असा ठेव: ‘आमच्या बाथरूममधून खालच्या फ्लॅटमध्ये गळती आहे, त्याचं काम काढलंय. बुधवार, गुरुवार आणि पुढचा मंगळवार घरून काम करू का? नेहमीच्या वेळेत उपलब्ध असेन. सोमवारी अर्धा दिवस रजा. काम लांबलं तर आणखी एक दिवस लागेल, तो आदल्या दुपारपर्यंत कळवेन.’ बस. खालच्या काकू किती बोलल्या, सिलिंगचे फोटो, काही नको.

तो शेवटचा जादा दिवस आत्ताच माग बरं का. मिस्त्री एक दिवस चुकवणारच, गावी कुणाचं तरी काहीतरी निघतंच. आधी सांगितलेला दिवस सहज मिळतो, ऐनवेळी मागितला की लबाडी वाटते. आणि मिस्त्रीला ॲडव्हान्स देण्याआधी होकार घे, नाहीतर तारीख हलवायला जागा उरत नाही. महिनाअखेरीचा आठवडाही टाळ, तुमचं क्लोजिंग असतं ना तेव्हा?

साहेब म्हणाला एकच दिवस देतो, तर घासाघीस करू नकोस. गुरुवार घे. दुसऱ्या कोटाच्या दिवशी पहिल्याच्या रेघाही दिसतात. बुधवारी मी आहे, आणि मंगळवारी अकराला पोचायची सवलत माग, संध्याकाळी दोन तास जास्त बसून भरून दे. मग जाताना बजावून जा की मगभर पाण्याची परीक्षा झाल्याशिवाय मिस्त्रीला मी सोडणार नाही.

सोमवारी सकाळी बोळा काढण्याआधी पेन्सिलची रेघ बघ. दोरीएवढं पाणी उडून जातं, त्याने घाबरू नकोस. मग टॉर्च घेऊन खाली काकूंकडे जा, सिलिंगवर उजेड तिरका मार आणि पाइपाभोवती तळहात लावून बघ, ओल डोळ्यांआधी हाताला कळते. जाताना काकूंसाठी पोह्यांचा डबा ने.