पाच वर्षांच्या मुलाला किती सांगावे?

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी चार-पाच वर्षांचे धाकटे भावंड असते, आणि त्याला कामे सांगण्याचा मान बहुधा आपल्याकडेच येतो. असा एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. ताई स्वयंपाकघरातून धाकट्या बहिणीस सांगते, "छकुले, ती खेळणी टोपलीत भर, मग हातपाय धू, आजीला विचारून ये चहात साखर किती घालू, आणि येताना फडताळातला पोह्यांचा डबा घेऊन ये." छकुली उत्साहाने ‘हो’ म्हणते. दहा मिनिटांनी ताई बाहेर येऊन पाहते, तो निम्मी खेळणी जमिनीवरच आणि छकुली बाहुलीची वेणी घालीत बसलेली. "सांगितलेलं एक काम ऐकशील तर शपथ!" म्हणून ताई रागावते, आणि आपण काय चुकलो हे न कळून छकुली रडू लागते.

येथे छकुलीने खरोखरच ऐकले नाही काय? या प्रश्नाचे उत्तर मानसशास्त्रात ‘कार्यस्मृती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शक्तीत आहे. काल पाहिलेली जत्रा किंवा आजीने सांगितलेली गोष्ट आठवणे ही वेगळी स्मृती होय. काम चालू असताना त्या कामापुरत्या गोष्टी मनात धरून ठेवणे आणि त्यांच्याशी खटपट करणे, हे कार्यस्मृतीचे काम. मनातल्या मनात बेरीज करताना ‘हातचा एक’ आपण जेथे धरून ठेवतो, तीच ही जागा. ती मोठ्या माणसातही लहानच असते. मुलात तर फारच लहान असते.

ती वयाबरोबर कशी वाढते हे अंकांच्या साध्या कसोटीने पाहता येते. परीक्षक सेकंदाला एक या गतीने अंक उच्चारतो आणि मुलाने ते त्याच क्रमाने म्हणावयाचे असतात. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोट्यांची सुधारलेली आवृत्ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत चार अंक म्हणणे चौथ्या वर्षासाठी, पाच अंक सातव्या वर्षासाठी आणि सहा अंक दहाव्या वर्षासाठी ठेवले होते. म्हणजे एकेका अंकाच्या वाढीस तीन-तीन वर्षे लागतात! तेच अंक उलट क्रमाने म्हणावयाचे झाले, तर सात वर्षांच्या मुलाकडून केवळ तीनच अंकांची अपेक्षा होती. कारण तेथे अंक नुसते धरावयाचे नसून धरता धरता फिरवावयाचेही असतात. (आपल्या भागाशी या कसोट्यांचा जवळचा संबंध आहे. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी त्यांचे कन्नड व मराठी रूपांतर केले, आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला.)

टर्मन यांच्या त्याच आवृत्तीत पाचव्या वर्षासाठी आपल्या विषयाला नेमकी लागू पडणारी एक कसोटी आहे. मुलाच्या हाती किल्ली देऊन सांगावयाचे, "ही त्या खुर्चीवर ठेव, मग ते दार लाव, आणि मग ती पेटी मला आणून दे." तिन्ही कामे क्रमाने, पुन्हा न विचारता केली, तरच मूल उत्तीर्ण. यातील खुबी लक्षात घ्या. खुर्ची, दार आणि पेटी ही तिन्ही मुलाच्या डोळ्यांसमोर, एकाच खोलीत आहेत. वाक्ये तोकडी आहेत. सूचना एकदा सांगून पुन्हा एकदा क्रमाने सांगितली जाते. एवढी सोय असूनही पाच वर्षांच्या मुलाची मजल तीन कामांपर्यंत धरली आहे.

आता ताईची सूचना पाहा. कामे चार, त्यांतले तिसरे म्हणजे निरोप नेऊन त्याचे उत्तर परत आणणे, तेव्हा ते एकटेच दोन कामांच्या बरोबरीचे. आजी आतल्या खोलीत, डबा फडताळात, दोन्ही नजरेआड. आणि पहिलेच काम सर्वांत लांबलचक! खेळणी भरता भरता उरलेली तीन कामे मनात धरून ठेवली पाहिजेत, आणि हातात येणारे प्रत्येक खेळणे तर मनाला आपल्याकडे ओढीत असते.

आपण मोठी मुले अशा वेळी काय करतो? ‘हातपाय, साखर, डबा’ असे मनात घोकीत राहतो. पाच वर्षांच्या मुलाला ही युक्ती सहसा सुचतच नाही. १९६६ साली जॉन फ्लॅवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना काही चित्रे क्रमाने दाखवीत, मग डोळ्यांवर पडदा येईल असे खेळण्यातले शिरस्त्राण घालून पंधरा सेकंद थांबवीत, आणि नंतर तोच क्रम विचारीत. तेवढ्या वेळात ओठांच्या हालचाली वाचण्यात तरबेज असलेला निरीक्षक मुलाचे ओठ पाहत असे. पाच वर्षांच्या वीस मुलांपैकी अवघी दोन चित्रांची नावे पुटपुटताना आढळली. सात वर्षांच्या वीसांपैकी बारा, आणि दहा वर्षांच्या वीसांपैकी सतरा. छकुलीच्या मनातली तीन कामे अशी कोणी न घोकता सोडली गेली, आणि बाहुली हाती येताच पुसली गेली. तिने आज्ञा मोडली नाही. तिच्यापाशी आज्ञा उरलीच नव्हती.

आणखी एक अडचण भाषेची असते. "डबा आणण्यापूर्वी हात धू" या वाक्यात डबा आधी ऐकू येतो, पण काम नंतरचे. मुलाला वाक्य मनात धरून क्रम उलटावा लागतो. लहान मुले अशा वेळी पुष्कळदा ऐकल्या क्रमानेच कामे करून मोकळी होतात. "आधी हात धू, मग डबा आण" असे म्हटले की हे ओझे उतरते.

मात्र अंकांच्या कसोटीवरून कामांची संख्या जशीच्या तशी ठरविता येत नाही. एकाच वयाच्या मुलांत फरक असतो, आणि सवयीने पुष्कळ कामे एकत्र बांधली जातात. "शाळेची तयारी कर" हे दोन-तीन शब्द, पण रोजच्या सरावाने दप्तर, डबा व चपला एकाच माळेत ओवल्या गेल्या असतील, तर त्यांना मनात एकाच वस्तूइतकी जागा पुरते. मिशेलीन ची यांनी १९७८ साली दाखवून दिले, की बुद्धिबळ खेळणारी मुले पटावरील मांडणी त्या खेळात कच्च्या असलेल्या प्रौढांहून चांगली लक्षात ठेवतात. अंकांच्या कसोटीत मात्र प्रौढच पुढे असतात.

विसर आणि हट्ट यांतला भेद ओळखण्याचा एक उपाय सोपा आहे. रागे भरण्यापूर्वी शांतपणे विचारावे, "मी काय काय सांगितलं होतं?" मुलाला सांगता आले नाही, तर ते विसरले आहे. सगळे सांगता येऊनही ते हलत नसेल, तर कारण दुसरीकडे शोधावे. एकेक साधे काम समोर उभे राहून सांगितले तरी वारंवार चुकत असेल, तर ऐकू नीट येते ना, हे तपासून घेणे इष्ट.

आता ताईने तीच कामे पुन्हा सांगावयाची झाली तर? टोपली दाखवून, "ही खेळणी यात भर, आणि झालं की मला सांग." छकुली येऊन सांगेल, तेव्हा, "आता हातपाय धू." मग, "आजीला विचार, साखर किती?" उत्तर मिळाल्यावर, "तो डबा आण." कामे तीच चार आणि वेळही फारसा अधिक नाही. फरक इतकाच, की चार कामांची यादी धरून ठेवण्याचे काम आता ताईच्या मनाने उचलले आहे, आणि तिच्या मनात त्यासाठी जागा आहे.