दर पाच मिनिटांनी बाहेर डोकावणारा कॉम्प्युटर : शोधायला खर्च किती?

घाटकोपर-मुलुंडकडचं चाळीस कॉम्प्युटरचं एखादं ऑफिस धरू. एखाद्या मशीनमध्ये बॉट शिरला, की तो ठराविक वेळाने आपल्या मालकाच्या सर्व्हरला विचारतो, ‘काही हुकूम?’ याला बीकनिंग म्हणतात. इंटरनेट प्रॉक्सीतून जात असेल, तर या खेपांची नोंद लॉगमध्ये राहते.

स्क्विड हा प्रॉक्सी फुकट मिळतो. दिवसाला दोन लाख ओळी आणि ओळीला दोनशे बाइट धरले, तर १८० दिवसांचा लॉग सव्वासात जीबीच्या आतच राहतो. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांना लॉग तेवढे दिवस ठेवावेच लागतात. साठवणुकीचे भरमसाट पैसे कोणी सांगितले, तर हा हिशेब पुढे ठेवा. खरा खर्च तपासणाऱ्याच्या तासांचा. म्हणून कोटेशन तासांवर मागा, मशीनच्या संख्येवर नको.

त्याने करायचं काम असं :

```
awk '$3=="192.168.1.37" && $7=="cdn.example.com:443" {t=$1-$2/1000; if(p) printf "%.0f\n", t-p; p=t}' access.log
```

एक मशीन, एक पत्ता आणि दोन खेपांमधले सेकंद. स्क्विड ओळ लिहितो ती जोडणी संपल्यावर, म्हणून लागलेला वेळ वजा केला आहे. माणूस ब्राउझ करत असेल तर ४, ९०, २, १७०० असं काहीही येतं. २९९, ३०१, ३००, ३०० आलं, तर तिथे माणूस बसलेला नाही. हुशार बॉट अंतर मुद्दाम थोडं मागेपुढे करतो. तरी आकडे एका पट्ट्यातच फिरतात. सगळ्या जोड्यांवर हे हाताने करणं अशक्य. त्यासाठी रिटा हे मोफत साधन आहे, पण ते स्क्विडचे नव्हे, झीकचे लॉग वाचतं.

पण मेल आणि अँटिव्हायरसही घड्याळाप्रमाणेच चालतात. तो पत्ता चाळीसही मशीन गाठत असतील, तर बहुधा अपडेट. एकच मशीन, तेही रविवारी ऑफिस बंद असताना, दर वेळी जवळपास तेवढेच बाइट पाठवत असेल, तर संशय घ्या. त्यामुळे तपासाला दिलेल्या लॉगमध्ये रविवार हवाच.

‘अपडेट आहे, सोडून द्या’ हेही डोळे मिटून नको. एप्रिल २०२४ मध्ये अवास्टने गुप्तीमायनरचा तपशील जाहीर केला : अंधेरीच्या मायक्रोवर्ल्ड कंपनीच्या ई-स्कॅन अँटिव्हायरसचं अपडेट साध्या एचटीटीपीवरून यायचं, ते वाटेत बदलून त्यातून मालवेअर घुसवलं जात होतं. कंपनीने ती त्रुटी २०२३ मध्ये दुरुस्त केली. या मालवेअरचा काही संवाद हल्लेखोरांच्या डीएनएस सर्व्हरशी चाले, आणि डीएनएसची थेट विचारणा प्रॉक्सीच्या लॉगमध्ये येत नाही. म्हणून ऑफिसचा डीएनएस सर्व्हर सोडून बाकी मशीनना पोर्ट ५३ वरून बाहेर जायला फायरवॉलमध्ये बंदी घाला. वेगळा खर्च नाही.

बॉट सापडलाच, तर फॉरमॅट करण्याआधी लॉगची प्रत काढा आणि सहा तासांत सर्ट-इनला कळवा. सायबर स्वच्छता केंद्राची बॉट काढणारी साधनं csk.gov.in वर फुकट मिळतात. तेवढ्यासाठी बिल लावणाऱ्याला विचारा, नेमके पैसे कशाचे?