उलटी विधाने आणि सरळ बेरीज

मानसशास्त्राच्या लघुप्रबंधात सर्वांत सोपे काम कोणते, असे विचारले तर बहुतेक जण 'गुण मोजणे' असेच सांगतील. प्रश्नावल्या छापायच्या, भरून घ्यायच्या आणि शेवटी बेरीज करायची. त्यात अवघड ते काय? परंतु आमच्या नात्यातील एक ताई एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी जळगाव व धुळे येथील वसतिगृहांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मानसिक ताणाची तुलना करीत होती. तिला गुणांकनात मदत करताना मला असे दिसले, की निष्कर्ष खरा ठरतो की खोटा, हे पुष्कळदा या बेरजेतच ठरून जाते. द्वितीय वर्षाच्या वर्गातील मित्रांनाही उद्या हे काम करावे लागणार आहे, म्हणून हा प्रपंच.

ताईने घेतलेली मापनी जगभर वापरली जाणारी आहे. शेल्डन कोहेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८३ साली ती प्रसिद्ध केली. मूळ मापनीत १४ विधाने होती. १९८८ पासून तिचे १० विधानांचे रूप प्रचारात आले. गेल्या महिनाभरात अमुक गोष्ट आपल्याला किती वेळा वाटली, एवढेच ती विचारते. 'कधीच नाही' याला ०, 'जवळजवळ कधीच नाही' याला १, 'कधीकधी' याला २, 'बऱ्याचदा' याला ३ आणि 'नेहमीच' याला ४ गुण. म्हणजे एकूण प्राप्तांक ० ते ४० यांच्या दरम्यान येतो. जास्त गुण म्हणजे जास्त ताण.

गोम अशी, की दहाही विधाने एकाच दिशेची नाहीत. १, २, ३, ६, ९ आणि १० ही सहा विधाने अस्वस्थता, चीड, हाताबाहेर गेलेली परिस्थिती यांविषयी आहेत. ४, ५, ७ आणि ८ ही चार विधाने मात्र आत्मविश्वास आणि गोष्टी मनासारख्या घडणे यांविषयी आहेत. 'मला बऱ्याचदा आत्मविश्वास वाटला' असे म्हणणाऱ्याला ताणाचे ३ गुण कसे द्यायचे? म्हणून या चार विधानांचे गुण उलटवावे लागतात. रीत सोपी आहे : ४ मधून मिळालेला गुण वजा करायचा. ० चे ४ होतात, १ चे ३, आणि २ मात्र २ च राहतात.

दोन काल्पनिक प्रयुक्त घेऊ. पहिल्याची उत्तरे क्रमाने ३, ३, ४, १, १, ३, २, १, ३, ३ अशी आहेत. सहा सरळ विधानांची बेरीज १९. चार उलट्या विधानांचे मूळ गुण १, १, २, १. उलटवल्यावर ३, ३, २, ३, म्हणजे ११. एकूण ३०. दुसऱ्या प्रयुक्ताने सहा सरळ विधानांना प्रत्येकी १ आणि चार उलट्यांना प्रत्येकी ३ दिले. त्याचे ६ अधिक ४, असे १० गुण झाले. दोघांत २० गुणांचे अंतर आहे. आता उलटवणे राहून गेले असे समजा. पहिल्याचे गुण २४ होतात आणि दुसऱ्याचे १८. वीस गुणांचे अंतर सहावर आले! अशा बेरजेने दोन शहरांची तुलना केली, तर खरा फरकही दिसेनासा होईल आणि 'फरक आढळला नाही' असा निष्कर्ष लघुप्रबंधात छापला जाईल. तराजूत पासंग असला की माल कितीही काळजीपूर्वक घाला, वजन चुकतेच; तसेच हे.

ही चूक ओळखता येते. एकेका विधानाचे गुण उरलेल्या नऊ विधानांच्या बेरजेशी ताडून पाहावेत. सहसंबंध चारच विधानांत ऋण आला आणि ती ४, ५, ७, ८ असली, तर उलटवणे राहिले आहे किंवा दोनदा झाले आहे. दोनदा उलटवलेला गुण पुन्हा मूळचाच होतो, म्हणून मूळ आकडे कधी पुसू नयेत. उलटवलेले गुण शेजारच्या नव्या स्तंभात ठेवावेत. संगणकावर काम करताना आणखी एक फसगत होते. चौथ्या विधानाचे उत्तर E2 या घरात असेल आणि सूत्र `=4-E2` असे लिहिले, तर प्रयुक्ताने सोडून दिलेल्या प्रश्नालाही ४, म्हणजे कमाल ताण, असे गुण पडतात. म्हणून सूत्र असे लिहावे :

```
=IF(E2="","",4-E2)
```

उलट्या विधानांचा एक फायदाही आहे. न वाचता एकाच रकान्यात खुणा करीत जाणारा प्रयुक्त त्यांच्यामुळे सापडतो. सगळीकडे ० लिहिणाऱ्याचे १६ होतात, सगळीकडे २ लिहिणाऱ्याचे २० आणि सगळीकडे ४ लिहिणाऱ्याचे २४. 'मी नेहमीच हतबल असतो' आणि 'मला नेहमीच आत्मविश्वास वाटतो' ही दोन्ही उत्तरे एकाच माणसाकडून आली, तर तो कागद बाजूला काढून पाहायला हवा. बेरीज पाहून मात्र त्याचा पत्ता लागत नाही, कारण ती मधल्या आकड्यांत लपते. त्यासाठी मूळ उत्तरांवरूनच नजर फिरवावी लागते.

आता उपश्रेणींकडे वळू. पुष्कळ संशोधक वरील सहा आणि चार विधानांच्या दोन वेगळ्या बेरजा करतात. पहिल्या प्रयुक्ताच्या बेरजा १९ आणि ११ आहेत. त्यावरून 'त्याची हतबलता आत्मविश्वासाच्या अभावापेक्षा फार जास्त' असे म्हणता येत नाही. एक बेरीज २४ पैकी आहे, दुसरी १६ पैकी. विधानांच्या संख्येने भागले, की ३.१७ आणि २.७५ असे आकडे मिळतात, आणि दोन्ही तशी जवळच आहेत. शिवाय दुसऱ्या उपश्रेणीचे नाव जपून द्यावे. उलटवलेल्या गुणांना 'आत्मविश्वास' हे नाव दिले, तर ११ गुणांचा अर्थ नेमका उलटा वाचला जाईल.

सर्वांत वादाचा भाग शेवटी येतो, तो कट-ऑफचा. ०–१३ सौम्य, १४–२६ मध्यम, २७–४० तीव्र, अशी विभागणी अनेक प्रबंधांतून आढळते. ती पाहताच ताईला कोणी तरी विचारले, की 'तीव्र' गटातील मुलांची नावे वसतिगृहाला कळवायची का? प्रश्न चांगल्या हेतूचा होता. पण त्याचे उत्तर 'नाही' असेच होते. कोहेन यांच्या मते ही मापनी निदानाचे साधन नाही. तिला कट-ऑफ नाहीत. वरील तीन गट म्हणजे ० ते ४० या पट्टीचे जवळजवळ समान तीन तुकडे आहेत, इतकेच. कोणा डॉक्टरने तपासलेल्या माणसांशी ताडून त्या सीमा ठरलेल्या नाहीत. त्यामुळे १३ आणि १४ गुणांची दोन मुले वेगळ्या गटांत जातात, तर १४ आणि २६ एकाच गटात बसतात. एका रकान्यात डोळे मिटून खुणा करणारे सगळेच १६ ते २४ या पट्ट्यात येतात, म्हणजे 'मध्यम' गट फुगवायला तेही हातभार लावतात! १९८३ साली अमेरिकेतील २३८७ प्रौढांच्या पाहणीत मध्यमान १३ च्या आसपास होते. तेही त्या लोकांचे, त्या काळचे. खानदेशातील वसतिगृहाचे माप ते नव्हे.

मग प्रकरणात लिहायचे काय? मापनीचे कोणते रूप घेतले, मराठी अनुवाद कोणाचा, कोणती विधाने उलटवली, किती कागद कोणत्या कारणाने वगळले. आणि दोन्ही गटांचे मध्यमान व प्रमाण विचलन. तुलना या आकड्यांचीच करावी. 'तीव्र' हा शब्द गाळला, तर तक्ता थोडा फिका दिसेल खरा. पण ज्या मुलाने विश्वासाने आपल्या मनातले सांगितले, त्याच्या कपाळावर आपण एका बेरजेवरून शिक्का मारलेला नसेल.