ट्रॅक्टरच्या चाकांतील हवा व वजन : नांगरटीसाठी आणि रस्त्यासाठी

एकच ट्रॅक्टर सकाळी काळ्या जमिनीत नांगर ओढतो आणि सायंकाळी उसाची ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्याने कारखान्याकडे निघतो. दोन्ही कामे त्याच चार टायरांवर होतात, परंतु त्यांची मागणी परस्परविरुद्ध असते. शेतात टायरने जमिनीला घट्ट पकडावे व मातीही कमीत कमी दाबावी अशी अपेक्षा असते. रस्त्यावर मात टायरने वजन पेलून, न तापता व न डळमळता धावले पाहिजे. वर्षभर एकाच दाबाची हवा ठेवणारा शेतकरी यांपैकी एका कामात नुकसान सोसत असतो. ट्रॉलीसाठी भरलेली कडक हवा तशीच ठेवून नांगरट केल्यास चाक घसरते व डिझेल वाया जाते. शेतातील मऊ हवेवर भरलेली ट्रॉली ओढल्यास टायरच्या बाजूंना भेगा पडतात आणि प्रसंगी ट्रॅक्टरवरील ताबाही सुटतो.

पुढील विवेचन सुमारे 45 अश्वशक्तीच्या, मागील दोनच चाकांना शक्ती असलेल्या ट्रॅक्टरला अनुलक्षून केले आहे. त्याचे मागील टायर 13.6-28 व पुढील टायर 6.00-16 या मापाचे आहेत असे धरले आहे.

हवेच्या दाबाने काय बदलते

मागील टायरमध्ये दर चौरस इंचास 12 ते 14 पौंड हवा असेल, तर टायर खाली किंचित पसरतो व त्याचा जमिनीला टेकणारा भाग लांब होतो. त्यामुळे टायरवरील रबराचे अधिक दांडे एकाच वेळी मातीत रुततात. ट्रॅक्टरचे वजनही अधिक जागेवर वाटले जाते. वरच्या थरातील मातीवर पडणारा दाब साधारणपणे टायरमधील हवेच्या दाबाएवढा किंवा त्याहून थोडा अधिक असतो. म्हणून हवा 22 पौंडांवरून 13 पौंडांवर आणली, की वरच्या थराची दडपणूकही त्याच मानाने कमी होते. खोलवरच्या थराची दडपणूक मात्र मुख्यतः ट्रॅक्टरच्या एकूण वजनावर अवलंबून असते. ती केवळ हवा कमी करून टळत नाही. वाफसा नसताना जड ट्रॅक्टर जमिनीत घालणे म्हणूनच कोणत्याही दाबाला घातक होय.

हवा कमी करण्यालाही मर्यादा आहे. ती फार उतरली, की ओढ पडताच टायरच्या बाजूवर सुरकुत्या दिसू लागतात आणि टायर रिमवरच फिरतो. त्याबरोबर ट्यूब ओढली जाऊन तिचा वॉल्व मुळाशी फाटतो. हे वेळीच कळावे यासाठी टायर व रिम यांवर सरळ रेषेत एक रंगाची रेघ ओढून ठेवावी. काही दिवसांनी त्या रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर हवा कामाच्या मानाने कमी आहे असे समजावे.

चाक किती घसरते हे कसे मोजावे

वजन वाढवावे की नाही हे अंदाजाने ठरवू नये; ते शेतातच मोजता येते. मागील एका टायरवर खडूने खूण करावी. प्रथम नांगर वर उचलून त्याच शेतात ट्रॅक्टर चालवावा आणि चाकाच्या दहा फेऱ्यांत कापलेले अंतर टेपने मोजावे. मग नांगर नेहमीच्या खोलीवर लावून पुन्हा दहा फेऱ्यांचे अंतर मोजावे. दोन अंतरांतील फरकाला पहिल्या अंतराने भागून शंभराने गुणले, की घसरण शेकड्यात मिळते. शेतातील ओढीच्या कामात ही घसरण शेकडा 8 ते 15 असावी. ती मुळीच नसावी असा आग्रह धरू नये, कारण थोडी घसरण झाल्याशिवाय चाकाला ओढच देता येत नाही.

समजा, एका शेतकऱ्याने ट्रॉलीच्या कामासाठी मागील टायरांत 22 पौंड हवा भरली होती व तशीच नांगरट सुरू केली. नांगर उचलून दहा फेऱ्यांत 39 मीटर अंतर पडले आणि नांगर लावल्यावर 30 मीटर. फरक 9 मीटरांचा, म्हणजे घसरण शेकडा 23. त्याने प्रथम केवळ हवा 13 पौंडांवर आणली. नांगर उचलून पडणारे अंतर पुन्हा मोजले असता ते जवळजवळ तेवढेच, 39 मीटर भरले. नांगरासह मात्र 32 मीटर भरले. घसरण शेकडा 18 वर आली. ती अद्याप अधिक असल्याने त्याने मागील टायरांत पाणी भरले. त्यानंतर नांगरासह 34 मीटर अंतर पडले व घसरण शेकडा 13 झाली. इंजिनाची गती तीच ठेवून जे नांगरण्यास पूर्वी आठ तास लागत होते, ते आता, वळणाचा वेळ सोडल्यास, सुमारे सात तासांत होईल. वाचलेल्या तासाचे डिझेल व टायरची झीज हाच येथील खरा लाभ होय.

या उदाहरणातील क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी हवा योग्य करावी आणि मगच वजनाचा विचार करावा. हवेने होणारे काम वजनाने करू गेल्यास ते वजन जमिनीला व ट्रॅक्टरला विनाकारण वाहावे लागते.

टेप जवळ नसेल, तर चाकोरी पाहूनही अंदाज येतो. टायरच्या दांड्यांचे ठसे पूर्ण पुसून माती भुसभुशीत झाली असेल, तर चाक फार घसरत आहे. ठसे साच्यातून काढल्यासारखे स्वच्छ उमटले असतील, तर वजन गरजेपेक्षा अधिक आहे. ठसे दिसतात, परंतु चाकोरीच्या मध्यभागी माती थोडी सरकलेली आहे, अशी स्थिती योग्य समजावी. घसरण शेकडा 8 हून कमी भरल्यास वजन उतरवावे. जादा वजनामुळे चाक घसरत नाही, पण तो ताण क्लच, गिअर व धुरा यांवर जातो.

टायरमध्ये पाणी भरण्याची रीत

ट्रॅक्टर कठीण व सपाट जागी उभा करावा आणि पुढील चाकांना उटी लावावी. मागील चाक जॅकने उचलून धुऱ्याखाली लाकडी ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकवर विसंबू नये. चाक फिरवून वॉल्व अगदी वर आणावा, मग वॉल्वची पिन काढून हवा जाऊ द्यावी. चाक टेकलेले असताना हवा सोडल्यास ट्यूब रिमखाली चेपते. नळीने स्वच्छ पाणी सोडावे व आतील हवा निघून जाण्यासाठी नळी अधूनमधून बाजूला करावी. वॉल्वमधून पाणी बाहेर येऊ लागले, की भरणे थांबवावे. या पातळीला टायर सुमारे तीन चतुर्थांश भरतो. त्यानंतर पिन बसवून वरच्या मोकळ्या जागेत ठरलेल्या दाबाची हवा भरावी.

टायर काठोकाठ भरू नये. पाणी दाबले जात नाही. धक्का सोसण्याचे काम वरची हवाच करते. वरील मापाच्या एका टायरात दीडशे लिटरांहून अधिक पाणी मावते, म्हणजे दोन्ही चाकांवर मिळून तीनशे किलोंहून अधिक वजन वाढते. पाणी भरलेल्या टायरची हवा मोजताना वॉल्व नेहमी वर ठेवावा. तो खाली असेल तर पाण्याच्या उंचीमुळे दाब थोडा अधिक दिसतो आणि पाणी मापकात शिरून तो बिघडतो.

मागील वजन वाढविताना पुढील भाग विसरू नये. काम चालू असताना ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढील चाकांवर राहिला पाहिजे. जड अवजार उचलताच स्टिअरिंग हलके वाटू लागले, तर पुढील बंपरवर लोखंडी वजने बसवावीत.

रस्त्यावर निघण्यापूर्वी

रस्ता कठीण असल्यामुळे टायरचे दांडे त्यात रुतत नाहीत. पसरलेल्या टायरचा तेथे काही उपयोग नसतो. उलट वेगामुळे टायरची बाजू प्रत्येक फेरीत वाकते व सरळ होते, तीतून उष्णता निर्माण होते आणि आतील दोऱ्यांचे थर सुटू लागतात. दोन चाकी ट्रॉलीचा काही भार ट्रॅक्टरच्या हुकावर येत असल्याने मागील टायरांवरील ओझेही वाढते. म्हणून ट्रॉली जोडण्यापूर्वी मागील हवा साधारणपणे 16 ते 20 पौंड करावी. पुढील टायरांत शेतात सुमारे 24 ते 26 पौंड हवा चालते. रस्त्यासाठी ती 30 पौंडांच्या पुढे न्यावी लागते. हे आकडे मार्गदर्शनापुरते आहेत. ट्रॅक्टरसोबत आलेल्या पुस्तिकेत त्या टायरसाठी दिलेला दाब व वजनाची कमाल मर्यादा हीच अंतिम मानावी.

हवा टायर थंड असताना मोजावी. रस्त्यावरून आल्यावर तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडल्यास टायर थंड झाल्यावर ती कमी पडते. डाव्या व उजव्या टायरांत समान हवा असावी, नाहीतर ट्रॅक्टर एका बाजूस ओढतो. हवा चुकीची होती की काय, हे झिजेवरून नंतर कळते. टायर मध्यभागी झिजला असेल तर हवा अधिक होती, दोन्ही कडांना झिजला असेल तर कमी होती.

चढावर हुकावरील भारामुळे ट्रॅक्टरचा पुढील भाग हलका होतो. सबब ट्रॉलीच्या कामात बंपरवरील वजने काढू नयेत. मागील चाकांतील पाणी रोज काढणे व भरणे शक्य नसते. म्हणून हंगामभर लागणारे वजन पाण्याचे ठेवावे आणि कामागणिक बदलणारे वजन लोखंडी चकत्यांचे ठेवावे. महिनोन् महिने केवळ वाहतूकच करावयाची असेल, तर ओढीच्या गरजेपुरते वजन ठेवून बाकीचे उतरवावे. भातखाचरात चिखलणी करतेवेळी तर पाणी अवश्य काढावे, कारण तेथे जादा वजनाने ट्रॅक्टर रुततो.

रोज दोन्ही कामे असल्यास

सकाळी नांगरट व सायंकाळी वाहतूक असा क्रम असेल, तर रोज दोनदा हवा बदलणे अनेकांना जाचक वाटते. यावर उत्तम उपाय म्हणजे कामांचे गट पाडणे. चार दिवस सलग नांगरट करावी व नंतर चार दिवस ट्रॉली चालवावी. तसे जमत नसेल, तर बॅटरीवर चालणारा लहान पंप व कमी दाब अचूक दाखविणारा मापक ट्रॅक्टरवर ठेवावा. गावातून शेतात रिकामा ट्रॅक्टर हळू नेण्यासाठी हवा वाढविण्याची गरज नाही. भरलेली ट्रॉली जोडावयाची असेल, तर मात्र हवा वाढविल्याशिवाय निघू नये. वेळेअभावी एकच निवड करणे भाग पडलेच, तर रस्त्याचा दाब ठेवून शेतातील नुकसान सोसावे. शेतात वाया जाते ते डिझेल, पण रस्त्यावर गाठ माणसाच्या जिवाशी असते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नांगरटीच्या हंगामारंभी गावातील एका ट्रॅक्टरवर दहा फेऱ्यांची वरील मोजणी शेतकऱ्यांसमक्ष करून दाखवावी. खडू, टेप व हवामापक एवढ्याच साहित्यावर हे प्रात्यक्षिक तासाभरात पुरे होते.